तिसऱ्या मजल्यावरची स्प्रिंगची गादी, सोफा आणि कपाट: नऊ दिवसांत बाहेर कसं काढू?

मंजिरी_क

नमस्कार मंडळी. घर रिकामं करायचंय आणि हातात नऊ दिवस आहेत. तीन वस्तू अडून बसल्या आहेत. पहिली, बारा वर्षं वापरलेली डबल बेडची स्प्रिंगची गादी. उजव्या बाजूला खोलगट झालीय, एका कोपऱ्यात तार टोचते. दुसरी, तीन जणांचा सोफा. सांगाडा भक्कम आहे, पण कापड हातांवर फाटलंय. तिसरी, पार्टिकल बोर्डचं तीन दारांचं कपाट, मधल्या दाराला उभा आरसा.

लिफ्टमध्ये यातलं काहीच मावत नाही. मोठ्या वस्तू वेगळ्या उचलणारी गाडी ठरलेल्या दिवशी येते, नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलंय. पण वस्तू तळमजल्यावर, कोरडी आणि "सुटसुटीत" हवी असं त्यांनी सांगितलं. सुटसुटीत म्हणजे नेमकं काय, ते फोनवरच्या माणसाला सांगता आलं नाही.

मला धास्ती एवढ्यासाठी वाटते की शेजारच्यांनी मागच्या महिन्यात त्यांची गादी रात्री फाटकाशी उभी करून ठेवली. कुणी गरजू नेईल असा त्यांचा चांगलाच हेतू होता. पहाटे पाऊस आला. ती गादी पुढे आठ दिवस तिथेच होती आणि शेवटी चार माणसांनी फरफटत नेली. तसं माझ्याकडून होऊ नये. सुरुवात कशापासून करू?

---

निखिल_द

ताई, फार विचार करू नका. गादी दोन दिवस कडक उन्हात टाका, जंतू आणि ढेकूण असतील तर मरतील, मग देऊन टाका कुणाला तरी. कुणी घेतली नाही तर फाडा. आतलं लोखंड भंगारवाला आनंदाने नेतो. फोम म्हणजे शेवटी प्लास्टिकच, तो प्लास्टिकच्या कचऱ्यात द्या. कापड कापडात. झालं काम.

---

उचल_गाडी

मी अशाच वेगळ्या उचलीच्या गाडीवर सहा वर्षं काम करतो, त्याआधी दाबयंत्राच्या गाडीवर होतो. शेजाऱ्यांच्या गादीचं काय झालं ते सांगतो, म्हणजे "कोरडी" या शब्दावर एवढा जोर का असतो ते कळेल.

कोरडी डबल गादी दोघं जण उचलतात. तीच रात्रभर भिजली की फोम आणि आतला नमदा पाणी धरून बसतो आणि चौघांनाही पकड मिळत नाही, कारण ती मधेच वाकते आणि पाणी एका बाजूला जातं. पण वजन हा अर्धाच त्रास. भिजलेली गादी खोलणाऱ्या शेडवाले घेत नाहीत. फोमला बुरशी धरते, वास येतो, पुढचा घेणारा तो गठ्ठा परत पाठवतो. म्हणजे ज्या गादीतून संध्याकाळपर्यंत लोखंड आणि फोम दोन्ही निघाले असते, ती सकाळी फक्त पुरण्याच्या लायकीची उरते. एका रात्रीचा फरक.

नेहमीच्या कचऱ्याच्या गाडीत गादी कोंबणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. दाबयंत्र तिला दाबतं, आणि दाब सोडला की ती परत फुलते. पुढे तुकडे करणाऱ्या यंत्रात गेली तर तारा फिरत्या दांड्याभोवती गुंडाळल्या जातात, मग यंत्र बंद करून आत माणूस उतरवून त्या कापून काढाव्या लागतात. पुरली तरी खाली बसत नाही. दाबली गेली नाही म्हणून हळूहळू वर येते आणि वरचा मातीचा थर फोडते.

सुटसुटीत म्हणजे आमच्या भाषेत: एका माणसाला उचलता येईल, हाताला तार लागणार नाही, आणि एका गठ्ठ्यात एकच जातीचा माल.

---

वसंतराव_ज

मंजिरीताई, मी आधी गाद्यांच्या कारखान्यात होतो, नंतर जुन्या गाद्या खोलणाऱ्या शेडमध्ये बरीच वर्षं काढली. गादीपुरतं सविस्तर लिहितो. बाकीच्या दोन वस्तूंबद्दल जाणकार लिहितीलच.

आधी निर्णय, मग हत्यार. गादी पुन्हा वापरण्याजोगी आहे की खोलायची, हे ती घरात असतानाच ठरवा. दारापलीकडे गेली की तो निर्णय तुमच्या हातात राहत नाही. तपासायच्या दोनच गोष्टी.

पहिली, ढेकूण. गादीच्या कडेने जी गोल पायपिंग शिवलेली असते ती बॅटरीच्या उजेडात, जाडसर कार्डाने उलगडत चारी बाजूंनी बघा. शाईचे बारीक ठिपके पसरल्यासारखे काळे डाग, फिकट पिवळट कात, किंवा शिवणीत चिकटलेले मिलिमीटरभर पांढरे दाणे दिसले तर गादी कुणालाही द्यायची नाही. खोलायची सुद्धा नाही. जाड प्लास्टिकमध्ये जिथल्या तिथे बंद करा, सगळ्या फटींवर टेप लावा, वर मोठ्या अक्षरात "ढेकूण" लिहा आणि गाडीवाल्यांना आधी सांगा.

दुसरी, खोलगटपणा. वर काही न ठेवता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि मधे दोरी ते कापड अंतर मोजा. तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे असेल तर आतल्या स्प्रिंगा थकल्या आहेत. वरून नवी चादर घालून ती दुसऱ्याला देणं म्हणजे आपली पाठदुखी त्याला देणं. तुमची तार वर टोचते म्हणता, म्हणजे मला तरी ती खोलायचीच वाटते.

आता जात ओळखा. तळहाताने एका ठिकाणी जोरात दाबा. शेजारचा भागही बरोबर खाली गेला तर एकमेकांना तारेने जोडलेल्या स्प्रिंगा आहेत, बॉनेल म्हणतात तो सांगाडा. फक्त दाबलेलीच जागा खाली गेली तर प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी खिशात आहे, म्हणजे पॉकेट स्प्रिंग. दोघींची सुरुवात सारखी, शेवट अगदी वेगळा.

सुरुवात अशी. खोलीत जुनी चादर अंथरा, जाड हातमोजे, नाकावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. बारा वर्षांची धूळ आत असते, ती हलकी घेऊ नका. पायपिंगची शिवण धारदार पात्याने कापत पूर्ण फेरी मारा. पाते नेहमी स्वतःपासून दूर न्यायचं. वरचं शिवलेलं कापड पांघरुणासारखं निघतं, पण कडेला ते स्प्रिंगच्या सांगाड्याला गोल क्लिपांनी अडकवलेलं असतं. त्या क्लिपा ओढू नका, पकडीने पिळून उघडा. ओढल्या तर कापड फाटून त्याच्या चिंध्या तारेवर राहतात, आणि लोखंड घेणाऱ्याला नेमक्या त्याच नको असतात. कापडाखाली फोमचा थर, त्याखाली चिंध्यांचा दाबलेला नमदा किंवा काथ्या, मग स्प्रिंगा. उलटी करून दुसरी बाजू तशीच.

निखिल, तुझ्या म्हणण्यात लोखंडाची बाजू बरोबर आहे, पण बॉनेलपुरती. आणि फोम प्लास्टिकच्या कचऱ्यात देऊ नकोस. बाटल्या-डबे वितळवून नवे करता येतात. गादीचा फोम म्हणजे पॉलियुरेथेन, तो तापवला तर वितळून पुन्हा घडत नाही, करपतो. त्याची वाट वेगळी आहे: बारीक तुकडे करायचे, चिकटद्रव्य मिसळायचं, वाफ आणि दाब देऊन ठोकळा बनवायचा. गालिच्याखाली घालतात तो रंगीबेरंगी ठिपक्यांचा फोम पाहिलाय ना, तो हाच. त्यासाठी फोम कोरडा, बिनवासाचा आणि काथ्या न चिकटलेला हवा. प्लास्टिकच्या ढिगात टाकलास तर तिथला माणूस तो उचलून बाजूला फेकणार.

---

अनुजा_पाटणकर

उन्हाबद्दल मला बोलायचंय, कारण यात मी चुकले आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक चांगली दिसणारी गादी तीन दिवस उन्हात ठेवून आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना दिली. त्यांच्या घरात तीन लहान मुलं. महिन्याभरात सगळ्यांच्या अंगावर ओळीने चावे. ढेकूण माझ्याच गादीतून गेले होते. नंतर औषध फवारणाऱ्याने समजावलं: वरचं कापड चटका बसेल इतकं तापतं, पण आत काही सेंटिमीटरवर गादी कोमटच असते. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि संध्याकाळी परत येतात. ते आणि त्यांची अंडी मरायला गादी आतपर्यंत, शेवटच्या शिवणीपर्यंत, पन्नास अंशांच्या आसपास तापून तशी राहावी लागते. अंगणातल्या उन्हात ते होत नाही. आणि काही खायला न मिळताही ते कित्येक महिने तग धरतात, म्हणून "गादी बरेच दिवस पडून होती" हाही पुरावा नाही.

त्या घराच्या फवारणीचा खर्च मी केला, पण त्या ताईंच्या मुलांचे चेहरे अजून आठवतात. कृपा करून पायपिंग तपासल्याशिवाय गादी देऊ नका.

---

निखिल_द

हे मला माहीत नव्हतं. उन्हाचं आणि फोमचं दोन्ही मागे घेतो. आमच्याकडे लहानपणापासून गाद्या उन्हात टाकतात, त्यावरून लिहिलं होतं.

---

वसंतराव_ज

ऊन दाखवणं चांगलंच. ओल आणि कुबट वास जातो. ढेकणांवरचा तो उपाय नाही, इतकंच.

---

शशिकांत_म

अशीच अडचण माझी. जुना फ्रीज बाल्कनीत तीन वर्षं आहे. उचल गाडीवाले घेतील का? की मीच मागची नळी कापून गॅस सोडून देऊ, म्हणजे हलका होईल आणि भंगारात जाईल?

---

उचल_गाडी

शशिकांतदादा, नळी अजिबात कापू नका. त्यातला गॅस जुन्या फ्रीजमध्ये वातावरणाला घातक असतो, नव्यांपैकी बऱ्याच फ्रीजमध्ये पेट घेणारा असतो. वजनात तर जाणवण्याइतका फरकही पडत नाही. फ्रीज इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात जातो, त्यांची उचल निराळी. फर्निचरच्या गाडीत आम्ही तो घेत नाही.

यावरून आठवलं, ताई, तुमच्या सोफ्याला वीजेवर मागे जाणारी पाठ असेल तर मोटर आणि बॅटरी आधी काढून तीही त्याच वेगळ्या उचलीत द्यायची. आणि पलंग सामान ठेवायचा, फळी वर उचलणारा आहे का? असेल तर गादी काढण्याआधी विचारा.

---

मंजिरी_क

सोफा साधा आहे. पलंग मात्र तसाच आहे, फळीला दोन बाजूंना नळकांडी आहेत. त्यात काय विशेष?

---

लाकूडकाम

मी सुतार आहे. हे मी सांगतो, कारण यात माझ्या मदतनिसाच्या हनुवटीला टाके पडले आहेत.

ती नळकांडी म्हणजे गॅसचे टेकू. फळी आणि गादी या दोघांचं वजन तोलायला बसवलेले असतात. गादी काढली की टेकू फळीपेक्षा बलवान ठरतात. खटका सुटला तर फळी स्वतःहून, झटक्यात वर येते. म्हणून गादी काढल्यावर फळी पूर्ण उघडू द्या, एकाने ती धरून ठेवा आणि दुसऱ्याने वरचं टोक सोडवा. टेकू पूर्ण पसरलेला असतानाच निघतो. अर्धवट दबलेला काढायला गेलात तर उसळतो. टेकूत दाबलेला नायट्रोजन असतो, त्यामुळे तो कापायचा, ठोकायचा, जाळायचा नाही. आख्खाच वेगळा बांधून द्या.

आता कपाट. तुमचं पार्टिकल बोर्डचं आहे, त्यामुळे सरळ सांगतो: ते एकदा खोलून पुन्हा उभं राहू शकतं, दुसऱ्यांदाची खात्री मी देत नाही. लाकडाच्या भुशाला डिंकाने दाबून केलेली ती फळी. त्यात स्क्रूची पकड एकदाच चांगली बसते. काढताना भुसा गळतो आणि भोक मोठं होतं. म्हणून स्क्रू यंत्राने भर्रकन काढू नका, हाताच्या पेचकसाने काढा. कोपऱ्यातले गोल कॅम लॉक अर्ध्या फेरीत सुटतात, त्यांना पूर्ण फिरवत बसू नका.

कपाट द्यायच्या लायकीचं आहे का, ते पायाकडे बघून ठरतं. खालच्या फळीची कड बोटाने चाचपा. पाणी लागून फुगली असेल, वरचा पापुद्रा सुटला असेल, तर ते कपाट पुन्हा उभं करू नका, कारण वरचा सगळा भार त्याच कडेवर येतो. खालची कड कोरडी, सपाट असेल तर नक्की द्या. सैल झालेल्या भोकात लाकडी खुंटी गोंद लावून ठोकायची, दिवसभर वाळू द्यायची आणि मग बारीक भोक पाडून स्क्रू बसवायचा. अशी दुरुस्ती केलेली कपाटं वर्षानुवर्षं उभी आहेत.

काढायचा क्रम: आधी आरसा. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या चिकटपट्ट्या लावा, म्हणजे फुटला तरी तुकडे जागेवर राहतात. दार आडवं करून नव्हे, उभं असतानाच बिजागरीतून सोडवा. मग बाकीची दारं, खण, फळ्या. पाठीची पातळ फळी सगळ्यात शेवटी, कारण तीच कपाट काटकोनात धरून ठेवते. ती आधी काढली की उभं कपाट बाजूला झुकून कोसळतं. भिंतीला पट्टीने बांधलं असेल तर ती पट्टीही शेवटपर्यंत ठेवा. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक टाका आणि स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी दाराला बांधा. स्क्रू हरवलेलं कपाट कुणी घेत नाही.

एक हात जोडून विनंती: या फळ्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. आतला डिंक आणि वरचा प्लास्टिकचा पापुद्रा जळतो, तो धूर घातक आहे. फोमचं तर विचारूच नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो.

---

मीरा_ब

सोफ्याबद्दल एक मुद्दा. मी ब्रिटनमध्ये राहते. इथे 2023 पासून टाकाऊ ठरलेले सोफे, खुर्च्या असं गादीदार बसण्याचं फर्निचर बाकीच्या कचऱ्यात मिसळू देत नाहीत, ते जाळण्याच्या बंदिस्त भट्टीतच जातं. कारण त्यांच्या कापडात आणि फोममध्ये आग रोखण्यासाठी घातलेली जुनी रसायनं. त्यातलं डेकाबीडीई नावाचं रसायन निसर्गात विघटित होत नाही आणि शरीरात साठत जातं. पलंगाच्या गाद्या मात्र या नियमात येत नाहीत.

म्हणून वाटलं, सोफ्याचा फोम काढून मुलांसाठी उशा, बसकण वगैरे करण्याआधी विचार करावा.

---

वसंतराव_ज

मीराताईंचा मुद्दा रास्त आहे, पण मंजिरीताईंच्या सोफ्यात ती रसायनं आहेत की नाहीत हे घरबसल्या कळत नाही. मोठ्या केंद्रांवर हातात धरायचं क्ष-किरण यंत्र असतं, ते ब्रोमिन दाखवतं. डोळ्यांना आणि नाकाला काही कळत नाही. मी स्वतः सोफ्याचा जुना, भुगा होत चाललेला फोम उशांत भरत नाही.

सांगाडा भक्कम असेल तर सोफा न फोडता, नवं कापड चढवून वापरणाऱ्याला देणं हे मला सगळ्यात पटतं. दारातून काढायला आधी उलटा करून पाय सोडवा, ते बहुधा फिरवून निघतात. तेवढ्याने उंची दहा-पंधरा सेंटिमीटर कमी होते आणि अडलेला सोफा पुष्कळदा तेवढ्यानेच दारातून जातो. तळाचं काळं पातळ कापड एका बाजूने पिना काढून उघडा आणि आत बॅटरी मारा. वेड्यावाकड्या सापासारख्या तारा जागेवर आहेत का, लाकडाचे सांधे हलतात का, तिथेच कळतं.

---

लाकूडकाम

मी थोडा असहमत आहे, वसंतराव. भक्कम सांगाडा म्हणून देऊन टाका म्हणता, पण नवं कापड आणि नवा फोम घालायचा खर्च घेणाऱ्याला परवडतो का? माझ्या पाहण्यात असे "चांगले सांगाडे" दुसऱ्याच्या घरी वर्षभर पडून राहतात आणि मग त्यांच्याकडून कचऱ्यात जातात. घेणारा स्वतः शिवणारा किंवा कारागीर ओळखीचा असेल तरच द्यावा.

---

वसंतराव_ज

तुमच्या अनुभवाला मी नाही म्हणत नाही. पण आधी विचारून तर बघू या.

---

मंजिरी_क

सगळ्यांची खूप आभारी आहे. काल रविवारी भावाला बोलावून गादी खोलली. जे झालं ते लिहिते, काही ठिकाणी अडले आहे.

पायपिंग पूर्ण फेरी बघितली, ढेकूण नाहीत. दोरी लावली तर उजवीकडे सहा सेंटिमीटर खोल. म्हणजे खोलायचीच. तळहाताने दाबून बघितलं तर शेजारचा भागही खाली जात होता, म्हणून बॉनेल समजून बसले.

शिवण कापायला वीस मिनिटं लागली. क्लिपा कुठे दिसेनात. कापड फोमला आणि फोम खाली कशाला तरी चिकटवलेला. फोम लांब पात्याने सपाट धरून सोडवला, मधे मधे फाटला. आणि खाली पांढऱ्या कापडाचे खिसे! पॉकेट स्प्रिंग निघाल्या. वरचा फोम जाड होता म्हणून दाबल्यावर सगळंच खाली जात होतं बहुतेक.

मोजलं: बावीस ओळी, प्रत्येकी तीस खिसे. म्हणजे 660 स्प्रिंगा. भावाने एक ओळ कात्रीने उभी चिरून बघितली. पहिलीच स्प्रिंग टुणकन उडून भिंतीवर गेली, चष्मा होता म्हणून निभावलं. आत त्या दाबून बसवलेल्या असतात हे तेव्हा कळलं. पुढच्या ओळीत एक हात खिशावर दाबून धरला आणि दुसऱ्याने चिरलं. तीस स्प्रिंगा काढायला बारा मिनिटं. त्या हिशोबाने सगळ्या काढायला साडेचार तास होतील. दोन ओळी काढून थांबलो. भंगारवाल्याला फोन केला तर सुट्या स्प्रिंगा घेतो म्हणाला, कापडासकट नको.

वजनं घरच्या काट्यावर केली: स्प्रिंगा खिशांसकट 15 किलो, फोम 8, कापड आणि खालचा नमदा 7. हे खिसे आता चिरत बसू का?

---

वसंतराव_ज

छान काम केलंत. माझ्या सांगण्यात उणीव राहिली, ती मान्य करतो. वर जाड फोम असेल तर तळहाताची परीक्षा फसते. त्याऐवजी गुडघा टेकून, सगळं वजन एका जागी आणून बघायला हवं होतं, किंवा तळाच्या कापडाला बोटभर चीर देऊन आत डोकवायचं. तळाशी फोम पातळ असतो, तिथे लगेच दिसतं.

खिसे चिरू नका. चार-साडेचार तास दाबलेल्या स्प्रिंगांशी कात्रीने झुंजायचं आणि हाती पंधरा किलोच्या आतलं लोखंड, त्यात जखमेची भीती. पॉकेट स्प्रिंगांचा एक फायदा मात्र तुमच्या लिफ्टच्या कामाचा आहे. बॉनेलच्या सांगाड्याला कडेने जाड तार असते, ती कापल्याशिवाय तो वाकत नाही. पॉकेटचा सांगाडा, कडेची फोमची चौकट सुटली की सतरंजीसारखा गुंडाळता येतो. ओळींच्या दिशेने गुंडाळा, दोघांनी गुडघ्याने दाबत, आणि तीन ठिकाणी दोरीने घट्ट बांधा. गाठ नीट मारा, सुटली तर तो उलगडतो.

फोमचे तुकडे जुन्या चादरीत बांधा, प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, आत घाम धरतो. चिकटलेल्या गोंदाचा पातळ थर चालतो, नमदा चिकटलेला तुकडा वेगळा काढा.

कापड आणि नमद्याचं मात्र खोटं बोलत नाही. आमच्या शेडमध्येही ते बहुतेक वेळा उरलेल्या कचऱ्यातच जायचं. धागे निरनिराळ्या जातींचे, एकमेकांत शिवलेले.

---

उचल_गाडी

गुंडाळलेला सांगाडा आम्ही घेतो, पण वर "पॉकेट स्प्रिंग" अशी चिठ्ठी लावा, म्हणजे शेडवर तो लोखंडाच्या ढिगात पडत नाही. सगळ्या केंद्रांवर खिसे सोलायचं यंत्र नसतं. जिथे नाही तिथे तो साठून राहतो, हे खरं आहे. सुट्या काढलेल्या साठ स्प्रिंगा पोत्यात घालून द्या, एकमेकांत अडकल्या तरी चालेल.

---

अनुजा_पाटणकर

मग पुढच्या वेळी गादी घेतानाच कळायला हवं ना, ही खोलता येईल की नाही? चिकटवलेली की क्लिपांची, हे दुकानात कुठे लिहिलेलं असतं का?

---

वसंतराव_ज

मी कधी लिहिलेलं पाहिलं नाही. आम्ही कारखान्यात होतो तेव्हा गोंद लावला की काम लवकर उरकायचं, एवढंच आम्ही बघायचो. सोलायला बसलो तेव्हा त्याच गोंदाशी दोन तास झगडलो. विकणाऱ्याला विचारायला हरकत नाही. उत्तर मिळेलच असं नाही.

---

मंजिरी_क

आज गाडी येऊन गेली. गुंडाळलेला सांगाडा उभा करून लिफ्टमध्ये बसला, भाऊ शेजारी उभा राहून खाली आला. फोमचे दोन गठ्ठे, स्प्रिंगांचं पोतं, आणि कापड-नमद्याचा वेगळा गठ्ठा. पलंगाचे दोन टेकू आख्खे दिले. उचलणाऱ्या दादांनी चिठ्ठी वाचली आणि सांगाडा बाकीच्या सामानावर न टाकता बाजूला आडवा ठेवला.

कपाटाची खालची कड डावीकडे फुगलेली निघाली, त्यामुळे ते उभं करण्यासाठी कुणाला दिलं नाही. दोन दारं आणि मधल्या चार फळ्या कोरड्या आहेत, त्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी मांडणीसाठी नेल्या. बाकी फळ्या बांधून गाडीत गेल्या. आरसा अजून भिंतीला टेकून आहे. बाटल्यांच्या काचेत चालत नाही असं गाडीवाल्यांनी सांगितलं, तेव्हा तो आख्खाच कुणाला हवा का, हे विचारतेय.

सोफ्याचं तळाचं कापड उघडून पाहिलं. तारा सगळ्या जागेवर आहेत, एक सांधा हलतो. लाकूडकाम दादा, डाव्या हाताजवळचा सांधा आहे, आत फक्त पिना दिसतात, गोंद दिसत नाही. तो पिना काढून गोंद लावून पुन्हा आवळता येईल का? तसं असेल तर घेणाऱ्या एक जणी तयार आहेत, त्या स्वतः शिवणकाम करतात.

---

लाकूडकाम

येईल. पिना उचकटून काढा, तडकलेलं लाकूड नाही ना ते बघा, आतला जुना भुसा ब्रशने साफ करा. लाकडाचा गोंद दोन्ही अंगांना लावून सांधा आवळपट्टीने किंवा दोरी पिळून चोवीस तास धरून ठेवा. त्यानंतर आतल्या कोपऱ्यात लाकडाचा त्रिकोणी ठोकळा दोन-दोन स्क्रूंनी बसवा, पिनांवर पुन्हा भरवसा ठेवू नका. शिवणाऱ्या ताईंना कापड चढवायच्या आधीच हे करायला सांगा, नंतर आत हात जात नाही.

आणि फोटो टाका. लाकूड तडकलं असेल तर माझं उत्तर बदलेल.